बाबांचा खोकला आणि उदबत्तीचा धूर

बाबांचं वर्षश्राद्ध जानेवारीअखेरीस होतं. त्यांच्या शेवटच्या भारतभेटीत मी फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. गावाकडची दिवाळी, पहाटेची कारेटी, आजोबांचा दरारा, अशी अकरा मिनिटं. ते सगळ्या नातेवाइकांना पाठवावं असं ताईच्या आणि माझ्या मनात आलं. अडचण एकच होती. मधे तीन ठिकाणी त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली होती. ती कापली की चित्र उडी मारायचं. बाबांची मान एकदम डावीकडून उजवीकडे!

अशा जागी दुसरं चित्र वर ठेवायचं आणि आवाज खाली तसाच चालू द्यायचा. देवघरातलीच चित्रं घ्यावीत असं ठरवलं: उदबत्तीचा धूर, कापूर, झेंडूचं फूल. फोनमधे Slo-mo होतंच.

पहिल्या रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली उदबत्ती लावली. व्हिडिओ पाहिला तर सगळं चित्र धडधडत होतं. इथे इंग्लंडात वीज भारतासारखीच ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या फोनला कळतं. शांत वाटावं म्हणून केलेलं चित्र बघून डोकं दुखायला लागलं. वर कापूर पेटवल्यावर धुराचा अलार्म बोंबलला आणि शेजारीण दारात आली ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी उजेडात बसलो. सकाळी अकराचं तिरपं ऊन खिडकीतून येत होतं. आईची काळी शाल खुर्चीवर टाकली, उदबत्तीच्या मागे चार फूट, ऊन तिच्यावर पडणार नाही अशी. ऊन उदबत्तीच्या मागून, एका बाजूने येऊ दिलं. समोरून उजेड आला तर धूर फिका पडतो; मागून आला की तोच चांदीसारखा उठून दिसतो. धूर सुरुवातीला काही इंच सरळ दोऱ्यासारखा चढतो आणि मग विस्कटतो. तो खालपासूनच विस्कटत असेल तर खोलीत हवा हलते आहे असं समजावं. आमच्याकडे रेडिएटर गरम हवा वर ढकलत होता. तो बंद केला, दार लावलं, दहा मिनिटं थांबलो.

मग उदबत्तीच्या टोकावर बोट दाबून धरलं. AE/AF LOCK असं पिवळं लिहून आलं की फोकस आणि उजेड दोन्ही पक्के होतात. हे केलं नाही तर फोन हलत्या धुरात फोकस शोधत बसतो. धूर मुळातच सावकाश चढतो, म्हणून 1080p at 120 fps पुरे. तो चौपट सावकाश दिसतो. २४० वर तो थिजल्यासारखा वाटला.

कापराचं उलट आहे. छोटी ज्योत सेकंदाला साधारण दहा-बारा वेळा लपलपते. तिथे २४० घेतलं की ती आठपट सावकाश होते, म्हणजे सेकंदाला एखाद-दीड हेलकावा. फोन काळोख बघून उजेड वाढवतो आणि ज्योतीचा नुसता पांढरा गोळा होतो. म्हणून ज्योतीवरच लॉक करून शेजारचा सूर्य बोटाने खाली ओढायचा. ज्योतीच्या कडा आणि वरची काजळी दिसेपर्यंत. फोन दीड फूट लांब ठेवून 2x वर घेतलं. वडी बघता बघता संपते, त्यामुळे आधी फोन लावायचा आणि मग काडी ओढायची. अलार्म काढायचा नाही. स्वयंपाकघराचं दार लावून एकच वडी.

फुलाने मात्र फसवलं. स्थिर झेंडू कितीही सावकाश घ्या, तो फोटोच दिसतो. शेवटी तांब्याच्या ताम्हनात पाणी घालून वरून एक पाकळी सोडली. पाण्यावर उठलेली वर्तुळं कामाला आली. चार सेकंदांचं रेकॉर्डिंग बत्तीस सेकंद पुरतं; मला हवे होते जेमतेम सहा.

तीन खोकल्यांवर तीन चित्रं बसली. कापलेल्या जागेच्या जरा आधी चित्र आणायचं आणि बाबांचं वाक्य सुरू झाल्यावर काढायचं, म्हणजे सांधा कळत नाही.

चौथ्या जागी खोकला नव्हता. आईचा विषय निघाल्यावर बाबा सात सेकंद गप्प बसले होते. ते लांबलं असं वाटून मी तिथेही कापूर ठेवला. ताईने सांगलीहून फोन केला. म्हणाली, "दादा, खोकले झाकलेस ते बरं केलंस. पण तिथे बाबा गप्प बसलेत ते दिसू दे रे."

कापूर काढला. वर्षश्राद्धाला सगळ्यांनी ते पाहिलं. खोकला कुणालाच कळला नाही. त्या सात सेकंदांत मात्र काकांनी चष्मा काढून पुसला.