कस्टर्ड, आणि माझा उद्धटपणा

तक्रारीच्या कागदावर एकच शब्द होता: रूड. त्याखाली कुणा बाईने लिहिलं होतं की काउंटरवरची ती इंडियन लेडी आपल्यावर उपकार केल्यासारखी वागते. मी साताऱ्याची. घरी आल्यागेल्याला पाणी विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणी बोलायला सुरुवातसुद्धा करत नाही. तेव्हा हा शब्द वाचून माझ्या पायाची आग मस्तकात गेली, आणि खरं सांगायचं तर ती अजून पुरती विझलेली नाही.

लंडनजवळच्या एका इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये मी दुपारची पाळी करायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिकडे गेलेलो, मुलगी शाळेत जायला लागली, घरी बसवेना, एवढंच. इंग्रजी मला येत होतं. बी.कॉम. इंग्रजीतून केलेलं, पत्र लिहायला सांगा, बिनचूक लिहीन. म्हणून तर तो कागद जास्त झोंबला.

सुपरवायझरने मला आत बोलावलं. मी काय बोलले ते तिला ठाऊक नव्हतं, तक्रार करणारीनेही लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, शब्द कोणता वापरला मी? ती म्हणाली, शब्दांबद्दल नाही, ‘टोन’बद्दल आहे. आता टोनला काय उत्तर द्यायचं? शिवी दिली असती तर माफी मागता आली असती. टोन म्हणजे हवेत गाठ मारल्यासारखा आरोप, ना दाखवता येतो ना खोडता येतो. तिने ‘थोडी हसत जा’ असा सल्ला दिला. मी हसायला लागले. पुढच्याच आठवड्यात दुसरी तक्रार आली: ती आपल्याला हसते.

उलगडा झाला तो संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात. तिथल्या मास्तरीणबाईंनी मला विचारलं, काउंटरवर तू दिवसभर काय बोलतेस, तसंच बोलून दाखव. मी म्हटलं, ‘कस्टर्ड.’ बाईंनी ते फोनवर ध्वनिमुद्रित केलं, मग स्वतः म्हटलं, ‘कस्टर्ड?’ आणि दोन्ही पाठोपाठ ऐकवलं. माझा आवाज ‘कस्’वर वर होता आणि ‘टर्ड’वर खाली येऊन थांबला होता. बाईंचा ‘कस्’वर खालून निघाला आणि ‘टर्ड’वर चढत गेला. त्या म्हणाल्या, तुझं ऐकून इथल्या माणसाला वाटतं, तू त्याला माहिती देते आहेस की हे कस्टर्ड आहे. पिवळंधमक कस्टर्ड त्याच्या डोळ्यांसमोर आहे. मग ही मला का सांगते? मूर्ख समजते की काय, की घ्यायचं तर घे म्हणते?

मी थक्क झाले, कारण माझ्या डोक्यात तो प्रश्नच होता, तोही आग्रहाचा. आमच्याकडे पंगतीत वाढपी ‘जिलबी, जिलबी’ करत पानांमधून फिरतो, तेव्हा तो काय जिलबीची ओळख करून देत असतो? नाव घेणं हेच विचारणं. नको असेल तर आपण पानावर हात आडवा धरतो. मराठीत सूर चढत नाही असंही नाही. नुसतं ‘येतोस?’ म्हटलं की चढतोच. पण वाक्यात ‘का’ असला की प्रश्नाचं ओझं तो उचलतो, सूर सपाट राहिला तरी कुणी गोंधळत नाही. इंग्रजीत ‘वुड यू लाइक’ गाळून नुसतं ‘कस्टर्ड’ उरलं, की ते ओझं एकट्या सुरावर येतं.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. १९७० च्या दशकात हीथ्रो विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये भारतीय-पाकिस्तानी बायका जेवण वाढायच्या, आणि त्या उद्धट आहेत अशी ओरड होती. जॉन गम्पर्झ नावाच्या अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञाने ते प्रकरण पाहिलं आणि १९८२ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं. तिथला शब्द होता ‘ग्रेव्ही’. बाकी सगळं माझंच. त्या बायकांनाही वाटत होतं की आपण गोऱ्या बायकांसारखंच बोलतो, मग आपल्यालाच का बोल लावतात. म्हणजे माझ्या आधी किती वर्षं हे माहीत होतं! आणि माझ्या सुपरवायझरपर्यंत ते पोचलं नव्हतं.

शिकणं सोपं नव्हतं. सूर चढव म्हटलं की मी आवाज मोठा करायचे, उंच नाही. मोठ्याने उतरतं ‘कस्टर्ड’ म्हणजे थेट खेकसणं. मग बाईंनी शब्दच काढून टाकले. तोंड मिटून फक्त गुणगुणायचं, ‘म्हं-म्हं’, पहिलं खाली, दुसरं वर. ओठ बंद असले की नुसता चढउतार उरतो आणि स्वतःलाच ऐकू येतो. तो जमला की त्यावर शब्द बसवायचा. घरी मी भांडी घासताना गुणगुणायचे आणि मुलगी म्हणायची, आई, कुठलं गाणं आहे हे?

ते जमलं आणि दुसरं संकट आलं. मी सगळंच चढवायला लागले. ‘व्हॉट वुड यू लाइक’ हेसुद्धा. पण ‘व्हॉट’, ‘व्हेअर’ने सुरू होणारे प्रश्न तिकडे साधारणपणे उतरतात. प्रश्न आहे हे पहिल्याच शब्दात कळलेलं असतं. तिथे ‘व्हॉट’वरच जोर देऊन सूर वर नेला, की गिऱ्हाइकाला वाटतं, आपण मघाशी काहीतरी बोललो ते हिला ऐकू आलं नाही. किंमत सांगताना चढवलं तर लोक पैसे हातात धरून थांबायचे, हिची खात्री नाही म्हणून. ‘सॉरी’चं तर आणखीच: चढवलं तर ‘काय म्हणालात?’, उतरवलं तर माफी. ट्रे धडकल्यावर मी चढवून ‘सॉरी?’ म्हटलं, तर समोरच्याने ‘आय सेड नथिंग’ म्हणून उत्तर दिलं.

काउंटरवरचे चेहरे मात्र बदलले. तीच मी, तेच कस्टर्ड, आणि आता माणसं ‘यस प्लीज’ म्हणून हसायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण रागही आला, की इतक्या टीचभर चढावर माझं सगळं अगत्य टांगलेलं होतं?

आमच्याकडे पेशंटच्या खुर्च्या ढकलणारा एक पोर्टर होता, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा. तिकडच्या बोलीत साधं विधानही शेवटी चढतं. ‘लिफ्ट बंद आहे’ असं तो सांगायचा तेही विचारल्यासारखं, आणि लंडनचे लोक त्याला ‘मला काय माहीत?’ म्हणायचे. सगळे हसायचे, तोही. त्याच्यावर कधी कागद आला नाही. त्याच्या सुराला गाव होतं, माझ्या सुराला स्वभाव चिकटला. बाईंनी शिकवलेले नियम सगळ्या इंग्रजीचे नाहीत, हे मला त्याच्यामुळे समजलं. माझं म्हणणं, ज्यांच्या हातात तक्रारीचे कागद येतात त्यांना आधी त्या वर्गात बसवा. ‘हसत जा’ सांगण्यापेक्षा दोन ध्वनिमुद्रणं ऐकवायला कमी वेळ लागतो.

नंतर कोल्हापूरची एक मुलगी आमच्या पाळीत आली. टोपी घालायच्या आधीच मी तिला कोपऱ्यात नेऊन ‘म्हं-म्हं’ करायला लावलं. ती म्हणाली, “काकू, त्यांनी आपलं समजून घ्यायचं सोडून आपणच का चढवायचं?” मीही घरी नवऱ्याला हेच म्हणत होते. पण तिला म्हटलं, “कागद तुझ्या नावाने निघतो म्हणून. चल, पुन्हा म्हण.”