दोन आकड्यांची सरासरी

ट्रॉम्बेत माझी सगळी नोकरी एकाच कामात गेली. अणुभट्टीत काय बिघडू शकतं आणि ते बिघडण्याची शक्यता किती, याचा हिशोब मांडायचा. पंप बंद पडला तर? झडप अडकली तर? वीज गेली तर? निवृत्तीनंतर वसाहतीतल्या वाचनमंडळाने मला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यावर बोलायला बोलावलं, तेव्हा वाटलं, हे तर माझंच क्षेत्र. त्या व्याख्यानात मी दोन चुका केल्या.

दोन्ही बाजू मी प्रामाणिकपणे वाचल्या होत्या. मे २०२३ मध्ये जेफ्री हिंटन आणि योशुआ बेंजिओ यांच्यासह शेकडो जाणकारांनी एका वाक्याच्या निवेदनावर सह्या केल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका महासाथी आणि अणुयुद्ध यांच्या बरोबरीने हाताळावा, असं त्यात म्हटलं होतं. याच दोघांबरोबर २०१८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळवणारे यान लकुन मात्र ही भीती अनाठायी मानतात.

२०२३ मध्येच एका संशोधन संस्थेने दोन्ही मतांची मिळून २२ माणसं एकत्र आणली. त्यांनी कित्येक आठवडे एकमेकांचे मुद्दे वाचले, वाद घातला. २१०० सालापर्यंत कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सर्वनाश होण्याची शक्यता किती, या प्रश्नावर शेवटीही भीती बाळगणाऱ्यांचा मधला आकडा २० टक्के होता आणि शंका घेणाऱ्यांचा ०.१२ टक्के.

मी फळ्यावर दोन्हींची बेरीज केली, दोनाने भागलं आणि सांगितलं, "साधारण दहा टक्के." तटस्थ माणसाने मध्ये उभं राहावं, एवढाच माझा विचार होता.

पहिल्या रांगेत माझ्या जुन्या सहकारी बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "इतक्या दूरच्या आकड्यांची आपण भौमितिक सरासरी काढायचो ना?" मी गुणाकार करून वर्गमूळ काढलं. दीड टक्का आला. तेच दोन आकडे, पण उत्तर सहापटीहून जास्त लहान. मग त्यांनी विचारलं, "आणि पंपाचा आकडा आपण बिघाडांच्या नोंदीवरून घ्यायचो. हे दोन कुठल्या नोंदीतले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंप हजारो तास चाललेला असतो, तो किती वेळा अडला हे मोजता येतं. हे दोन आकडे म्हणजे विचारी माणसांचे अंदाज होते. मी त्यांना मोजमापासारखं वागवलं.

दुसरी चूक मी पुढे केली. यंत्र हाताबाहेर जायला तीन अडथळे ओलांडावे लागतील, असं मी मांडलं: चाचणी, देखरेख आणि बंद करण्याची सोय. प्रत्येक अडथळा दहात एकदा फसेल असं धरलं, तर तिन्ही मिळून हजारात एकदा. बाई एवढंच म्हणाल्या, "नरोरा."

३१ मार्च १९९३ ला नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला आणि आग केबलींपर्यंत गेली. मुख्य आणि पर्यायी विजेच्या केबली पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या. दोन्ही जळाल्या आणि सुमारे १७ तास वीज नव्हती. कागदावरचे दोन पर्याय एका आगीत एकच ठरले. हे मी स्वतः नवशिक्यांना शिकवलं होतं.

चाचणी आणि देखरेख दोन्ही त्याच यंत्राच्या उत्तरांवर विसंबून असतील आणि ते यंत्र दिशाभूल करू शकत असेल, तर अडथळे तीन राहत नाहीत, हा भीती बाळगणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा. पण नरोराची दुसरी बाजूही आहे. तिथे आग विझवण्याचे डिझेल पंप त्या केबलींवर अवलंबून नव्हते. त्यांचंच पाणी देऊन कर्मचाऱ्यांनी भट्टी थंड ठेवली. खरोखर वेगळा असलेला एक अडथळा पुरला. शिवाय यंत्राकडे माणसाला रोखण्याचा हेतू आणि क्षमता येईल, हे आधी दाखवा, ही शंका घेणाऱ्यांची मागणी रास्तच आहे.

पहिल्या चुकीची किंमत मला नंतर कळली. शेजारच्या मुलाने माझे "दहा टक्के" कॉलेजच्या भाषणात तज्ज्ञाचा निष्कर्ष म्हणून सांगितले होते. पुढच्या बैठकीत मी आकडा मागे घेतला, पण कॉलेजच्या सभागृहातले श्रोते माझ्यासमोर नव्हते.

त्या २२ जणांच्या वादात सरासरीपेक्षा उपयोगी गोष्ट होती, ती मी व्याख्यानात गाळली होती. कोणती घटना घडली तर तुमचं मत बदलेल, हे त्यांना विचारलं होतं. सर्वांत वजनदार ठरलेला प्रश्न असा: यंत्र स्वतःच्या प्रती काढू शकतं आणि बंद होणं टाळू शकतं, असं एखाद्या स्वतंत्र तपासणीत २०३० पूर्वी आढळेल का? आढळलं तर शंका घेणारे सरकतील, नाही आढळलं तर भीती बाळगणारे.

आजच्या पुराव्यावर मी एक आकडा देऊ शकत नाही. माझ्या वहीत आता २० आणि ०.१२ वेगवेगळ्या ओळींवर आहेत आणि त्यांच्याखाली तो प्रश्न लिहिलेला आहे.