साठत जाणारी झोप

रात्री घेतलेली गोळी सकाळपर्यंत उतरते, हा समज रुग्णांइतकाच काही डॉक्टरांच्याही डोक्यात पक्का बसलेला असतो. झोल्पिडेमच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण अडीच तासांचा. दुसऱ्या रात्री गोळी हातात घ्याल तेव्हा पहिलीचं नावनिशाण उरलेलं नसतं. पण आपल्याकडे झोपेसाठी सर्रास लिहून दिलं जाणारं क्लोनाझेपाम वेगळं. त्याचा अर्धायुकाल ३० ते ४० तास. चोवीस तासांनी पुढची गोळी पोटात जाते तेव्हा आधीची निम्मीसुद्धा गेलेली नसते.

औषधशास्त्र शिकवताना मी हा हिशेब फळ्यावर मांडतो, तो इथेही मांडतो. पन्नाशीच्या एक बाई, बँकेत नोकरीला. रोज रात्री दहाला अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी. अर्धायुकाल ३६ तास धरू आणि गोळी पूर्ण शोषली गेली असं समजू. मग २४ तासांनी अंदाजे ६३ टक्के औषध अंगात शिल्लक राहतं. पहिल्या रात्री अंगात ०.५ मिलिग्रॅम. दुसऱ्या रात्री मागचं ०.३१ आणि नवं ०.५, म्हणजे ०.८१. तिसऱ्या रात्री एकापर्यंत, पाचव्या रात्री १.२२, सातव्या रात्री १.३०. त्यानंतर वाढ जवळपास थांबते, कारण अंगात जितकं जास्त औषध, तितकं जास्त रोज बाहेर पडतं. तळाला भोक पडलेल्या पिंपात पाणी चढलं की धारही जोरात लागते, तसंच. रोज जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जाऊ लागलं की पातळी स्थिरावते. या बाईंच्या बाबतीत ती १.३५च्या आसपास.

आता रात्र सोडा, सकाळचे नऊ बघा. पहिल्या सकाळी बाई काउंटरवर बसतात तेव्हा अंगात ०.४ मिलिग्रॅम असतं. सातव्या दिवशी गोळी घेतल्याच्या दुसऱ्या सकाळी १.०५. म्हणजे ज्या प्रमाणावर त्या पहिल्या रात्री गाढ झोपल्या, त्याच्या दुपटीहून जास्त औषध घेऊन त्या नोटा मोजत असतात. त्या तिथेच कोसळत नाहीत, कारण दरम्यान मेंदू औषधाला थोडा सरावतो. पण ही सवय सगळ्यांना सारखी होत नाही आणि पुरतीही होत नाही. जेवणानंतर डोळे मिटतात, आकडा दोनदा वाचावा लागतो, पायरी उतरताना तोल जातो. वयस्कर माणसांत हे तोल जाणं मोडलेल्या खुब्यापर्यंत पोहोचू शकतं.

गोंधळ होतो तो वेळेमुळे. पहिल्या दोन सकाळी बरं वाटलं, म्हणून गोळी 'सोसली' असा निकाल लागतो. पाचव्या-सहाव्या दिवशी गुंगी आली की दोष दगदगीला, हवेला, नाहीतर रक्तदाबाला जातो. गोळीची खरी परीक्षा आठवड्यानंतरच होते. तिसऱ्या रात्री झोप कमी वाटली म्हणून कोणी स्वतःच दोन गोळ्या सुरू केल्या, तर चढ अजून संपलेला नसताना तो दुप्पट उंचीकडे निघतो.

दुसरा चकवा याहून फसवा. बाई म्हणतात, "काल मी गोळी घेतलीच नाही, तरी आज सुस्ती आहे. म्हणजे गोळीचा संबंध नाही." हिशेब करा. पातळी स्थिरावल्यावर रात्री दहाला, नवी गोळी घेण्याआधी, अंगात सुमारे ०.८५ असतं. ती रात्र चुकली तरी सकाळी नऊला ०.६९ उरतं, म्हणजे पहिल्या रात्रीच्या पूर्ण गोळीपेक्षा जास्त. एक रात्र वगळून काहीच सिद्ध होत नाही. चुकलेली गोळी दुसऱ्या रात्री जोडीला घेण्याचं कारणही म्हणूनच नसतं.

यकृत नीट चालत नसेल तर औषध आणखी सावकाश जातं, स्थिर पातळी आणखी वर असते आणि तिथे पोहोचायलाही जास्त दिवस लागतात. त्यात रात्री दारूचा एक पेग असेल, तर दोघांची गुंगी एकमेकींत मिसळते. एखादं बुरशीविरोधी औषधही यकृतातली तीच वाट अडवतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना दोन तारखा लिहून न्याव्यात: गोळी कधी सुरू झाली आणि सुस्ती कधीपासून जाणवली. दोहोंत चार ते आठ दिवसांचं अंतर असेल तर मी आधी अर्धायुकालाकडे बघतो, मग बाकीच्या तपासण्यांकडे. मात्र महिनोन् महिने चालू असलेली ही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नये; झोप उडते, हात कापतात, क्वचित फिटही येते. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडी थोडी उतरवावी आणि प्रत्येक उतरणीनंतर पातळी नव्या जागी बसायला निदान आठवडा द्यावा.