भाडेकरू की परवानाधारक?

संध्याकाळच्या कायद्याच्या वर्गात मी एक प्रश्न नेहमी सोडवून घेतो. अ ने आपले दुकान ब ला दिले. वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या: ‘दुकान 11 महिने वापरायला दिले आहे, दरमहा 9000 रुपये, ही लायसन्स फी समजावी, भाडेकरूचा हक्क नाही.’ दोघांच्या सह्या झाल्या, नोंदणी मात्र केली नाही. शटरची किल्ली फक्त ब कडे. तीन महिन्यांनी अ ने कुलूप बदलले. ब चा हक्क कोणता?

निम्मे विद्यार्थी ‘लायसन्स फी’ हा शब्द वाचून थांबतात. पण सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या खटल्यात नाव बाजूला ठेवून व्यवहाराचे खरे स्वरूप पाहिले. दिल्लीच्या हॉटेलातल्या खोल्या केशकर्तनाच्या धंद्यासाठी दिल्या होत्या आणि दस्तात ‘लायसन्स’ असेच लिहिले होते. न्या. सुब्बा राव यांनी तो भाडेपट्टा ठरवला. मालमत्तेत हितसंबंध दिला की भाडेपट्टा. नुसती वापरण्याची परवानगी दिली आणि कायदेशीर ताबा मालकाकडेच राहिला की परवाना. पक्षांचा हेतू पाहायचा, आणि एकट्याचा ताबा दिसला तर प्रथमदर्शनी भाडेपट्टा समजायचा. अर्थात, परिस्थितीवरून हे अनुमान खोडता येते.

म्हणून मी विचारतो, सकाळी शटर कोण उघडतं? इथे ब उघडतो. तो दुपारी कुलूप लावून नमाजला किंवा जेवायला जातो, त्या वेळी अ आत शिरू शकत नाही. माल ब चा, वीजबिलही तोच भरतो. हे सगळे भाडेपट्ट्याकडे झुकते. आता एकच गोष्ट बदला: अ चे कापडाचे दुकान चालू आहे, कोपऱ्यात ब चे घड्याळदुरुस्तीचे टेबल, आणि रात्री शटर अ ओढतो. पैसे तेवढेच, कागदही तोच. पण इथे परवाना दिसतो.

फरक पडतो तो कुलपाच्या वेळी. परवाना साधारणपणे मालक मागे घेऊ शकतो; ब ला माल हलवायला वाजवी वेळ मिळतो आणि मुदतीआधी काढले तर भरपाई मागता येते. भाडेकरूला मात्र भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तर त्यातल्या कारणांवाचून, न्यायालयाच्या हुकुमाशिवाय हुसकता येत नाही.

नोंदणीचा मुद्दा शेवटी येतो. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 55 दोन्ही करार लेखी व नोंदणीकृत हवेत म्हणते, आणि जबाबदारी मालकावर टाकते. नोंदणी नसेल तर अटींबाबत ब चे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. त्यामुळे अ ने स्वतः लिहून घेतलेला कागद अ च्याच फारसा कामाला येत नाही. हे ऐकून मागच्या बाकावरचे एक दुकानदार विद्यार्थी हळूच विचारतात, ‘सर, आमच्याकडेही असाच कागद आहे, आता नोंदवला तर चालेल का?’ मी आधी त्यांना शटरबद्दल विचारतो.