‘नहीं’च्या जागी काय गावं?

नेरूळ, नवी मुंबई

ती. आत्यास,


तुमच्या गटाने जुनं हिंदी गाणं मराठीतून म्हणायचं ठरवलं, हे वाचून फार आनंद झाला. सोबतीला मूळ हिंदी गाण्याचाच कराओके ट्रॅक आहे, हे वाचल्यावर मात्र सविस्तर लिहायला बसले. इकडे नेरूळ-वाशीच्या सोसायट्यांमधून कराओकेच्या बैठकी सारख्या होतात. अधूनमधून कुणीतरी हौसेने मराठी शब्द आणतं, पण पहिला अंतरा संपायच्या आत शब्द ट्रॅकच्या मागे पडतात. ट्रॅकची पट्टी बदलता येते, वेगही थोडा कमी-जास्त करता येतो. पण कुठला सूर किती लांबवायचा आणि सम कुठे यायची, हे त्यात कायमचं ठरलेलं असतं. शब्दांनीच त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

असं जुळवून घेणं मराठीला नवं नाही. संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रतींमध्ये पदाच्या वर ‘चाल’ म्हणून एखाद्या हिंदुस्थानी चिजेचा मुखडा दिलेला असतो. ‘मानापमान’च्या (१९११) वेळी गोविंदराव टेंबे यांनी आणि ‘स्वयंवर’च्या (१९१६) वेळी भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर पदं रचली. मात्र खाडिलकरांना चिजेचा अर्थ सांभाळायचा नव्हता. ठुमरीतली नायिका काहीही म्हणो, त्यांची भामिनी किंवा रुक्मिणी तिच्या प्रसंगाचंच बोलणार. २०१८च्या ‘धडक’मध्ये उलट्या दिशेने हेच झालं. अजय-अतुल यांची ‘झिंगाट’ची चाल तीच राहिली, तो एक शब्दही राहिला, पण अमिताभ भट्टाचार्य यांनी बाकीचं गाणं हिंदीत नव्याने लिहिलं. तुम्हाला चाल, यमक आणि भाव तिन्ही हवेत. ते काम याहून अवघड आहे.

त्याच्या सर्वांत जवळचा नमुना पुण्याच्या प्रभातचा आहे. १९३९ साली व्ही. शांताराम यांनी एकच चित्रपट मराठीत ‘माणूस’ आणि हिंदीत ‘आदमी’ या नावांनी काढला. संगीत मास्टर कृष्णरावांचं, मराठी गीतं अनंत काणेकरांची, हिंदी गीतं मुन्शी अझीझ यांची. शांता हुबळीकरांची नायिका, मराठीतली मैना, जे गाणं गाते, ते मराठीत ‘कशाला उद्याची बात’ आणि हिंदीत ‘किसलिए कल की बात’. नुसती नावं शेजारी ठेवली तरी कारागिरी दिसते. पहिला प्रश्नार्थक शब्द उच्चारात दोन्हीकडे तीन अक्षरांचा, पाच मात्रांचा आणि ‘क’ने सुरू होणारा. मध्ये हिंदीत दोन अक्षरं आहेत तिथे मराठीत तीन येतात, म्हणजे गाणारीला सुरांची थोडी फोड करावी लागते. शेवटचा शब्द मात्र दोन्हीकडे एकच. धृपदाचा शेवट एकच राहिला, की अंतऱ्यातून परतायची वाटही तीच राहते. शिवाय मराठीत ‘बात’ हा शब्द चार लोकांच्या, बाजाराच्या बोलण्यातला, आणि मैना तशाच वस्तीत गाणारी. तिच्या तोंडी ‘गोष्ट’ आलं असतं तर मात्रा बसल्या असत्या, पण मैना गेली असती.

आता तुमच्या कामाकडे वळते. गाजलेल्या गाण्याच्या ओळी पत्रात न उतरवता त्याच घडणीच्या चार हिंदी ओळी मुद्दाम रचल्या आहेत:

पानी पर है नाव अकेली
तट पर कोई खड़ा नहीं
तूने शायद याद किया हो
मैंने मुड़कर सुना नहीं

लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. पहिली आणि तिसरी ओळ सोळा मात्रांची, दुसरी आणि चौथी चौदा मात्रांची, आणि पुढे दोन मात्रांची विश्रांती. म्हणजे केरव्याची दोन-दोन आवर्तनं. ‘नहीं’ हा दोन्हीकडे पुन्हा येणारा शब्द आणि त्याच्या आधी ‘आ’चं यमक. भाव मोठ्याने रडण्याचा नाही. झालं ते झालं, असं शांतपणे सांगणाऱ्या माणसाचा आहे.

पहिल्या ओळीचं सरळ भाषांतर ‘पाण्यावर आहे नाव एकटी’. मोजलं तर अठरा मात्रा. दोन मात्रा वाढवणारा शब्द नेहमीचाच आहे. हिंदीतलं ‘है’ दोन मात्रांत उरकतं, आपलं ‘आहे’ चार घेतं. नवशिका इथे ‘आहे’ घाईने म्हणून वेळ मारून नेतो आणि ओळ तिथेच अडखळते. पण मराठीत हे क्रियापद पुष्कळदा नसलं तरी चालतं, आणि ‘वर’चं ‘वरती’ केलं की नेमक्या दोन मात्रा भरून निघतात. ‘पाण्यावरती नाव एकटी’, आठ आणि आठ. हिंदीत ‘पा’ जिथे येतो तिथेच मराठीतही येतो आणि ‘नाव’ दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर जसाच्या तसा पडतो.

तिसरी ओळही सुखाने येते. ‘आठवण तुला आली असेल’ सोळा मात्रांत बसतं, पण शेवट ‘ल’ने बंद होतो. हिंदीत तिथे ‘हो’ लांबवायचा आहे, आणि ‘असेलऽऽ’ असा ‘ल’ ताणला की कानाला खटकतं. शब्द फिरवले, ‘आली असेल आठवण तुला’, की शेवटी उघडा ‘ला’ मिळतो. आणखी एक लाभ झाला. नवव्या मात्रेवर हिंदीत ‘याद’ आहे, मराठीत ‘आठवण’. ट्रॅकमध्ये समेवर जोर आला तर तो दोन्ही भाषांत त्याच अर्थावर पडेल.

खरी लढाई दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत आहे. ‘नहीं’ म्हणजे लघु-गुरू, तीन मात्रा. ‘नाही’ म्हणजे दोन गुरू, चार मात्रा. ‘ना’ आखडून म्हटला तर मराठी गाताना मध्येच हिंदी बोलल्यासारखं वाटतं. मग बहुतेक जण ‘नसे’कडे धावतात, कारण मापात ते तंतोतंत बसतं. ‘काठावर पण कुणी नसे’ ही ओळ चालूनही जाते. पण चौथ्या ओळीत ‘ऐकत नसे’ म्हटलं, की अर्थ ‘ऐकायची सवय नव्हती’ असा होतो. एकदाच न ऐकलेली हाक आणि कधीच न ऐकणं यांत सगळं गाणं हरवतं.

म्हणून नकार ओळीच्या शेवटावरून हलवायचा. पहिला प्रयत्न असा होईल: ‘रिती पायरी उरलेली’ आणि ‘मीच न मागे फिरलेली’. मात्रा चौदाच, यमकही ठीक. तरी ट्रॅकवर गाऊन पाहिलं की कळतं, काहीतरी चुकतंय. ‘खड़ा नहीं’ची चाल आखूड-लांब-आखूड-लांब अशी आहे. ‘उरलेली’त दुसऱ्या, लांब सुरावर येतो तो ‘र’, ज्याच्यातला ‘अ’ आपण बोलताना उच्चारतही नाही. तो ‘उरऽऽलेली’ असा ताणला की शब्द ओळखू येत नाही. मात्रांची बेरीज बरोबर असूनही ओळ चुकते ती इथे. कागदावर ही चूक दिसत नाही. ‘तऽ नाऽ तऽ नाऽ’ असं म्हणत टाळी दिली तरच सापडते. म्हणून आधी शब्द काढून नुसते लांब-आखूड सूर लिहून घ्यायचे आणि नंतर त्यांच्या खाली अक्षरं ठेवायची.

त्या मापाला नीट बसणारं रूप हे:

पाण्यावरती नाव एकटी
रिती पायरी उभी अशी
आली असेल आठवण तुला
मीच न वळले, पुढे तशी

‘उभी अशी’, ‘पुढे तशी’ दोन्ही लघु-गुरू-लघु-गुरू. ‘नहीं’मध्ये लांबवलेला ‘ई’ होता, ‘शी’मध्येही ‘ई’च आहे, त्यामुळे गाणारीच्या तोंडाचा आकारसुद्धा बदलत नाही. ‘खड़ा’मधलं उभं राहणं टिकलं. फक्त हिंदीत माणूस उभा नाही आणि मराठीत रिकामी पायरी उभी आहे. ‘सुना’ गेलं, ते सोडावं लागलं. पण जी वळलीच नाही तिने हाक मनावर घेतली नाही, हे ऐकणाऱ्याला उमगतं.

शेवटी ‘न वळले कशी’ किंवा ‘हाय’, ‘सखया’ घालायचा मोह होईल. तो टाळावा, असं मला मनापासून वाटतं. ‘कशी’ आलं की शांत कबुलीचा विलाप होतो. आपल्या भावगीतांनी ‘तुजला’, ‘मजसी’, ‘नयनी’ असे शब्द हाताशी ठेवले आहेत. ते चार-चार मात्रा चटकन भरतात, पण हिंदी ओळ साध्या बोलण्यातली असेल तर तिचं वयच वाढवतात. चार ओळींत असा एखाददुसरा शब्द खपतो, तिसऱ्याला गाणं जुनाट वाटू लागतं.

एक गोष्ट आधीच ठरवा, गाणारी बाई की पुरुष. हिंदीतल्या ‘मैंने सुना’मधून ते कळत नाही. आपल्या ‘वळले-वळलो’मधून लगेच कळतं आणि यमकही सोबत बदलतं. काकांनी म्हणायचं झालं तर ‘घाट रिकामा उभा असा’ आणि ‘मीच न वळलो, पुढे तसा’ घ्या. पायरीच्या जागी घाट घ्यावा लागला, कारण ‘असा’ला पुल्लिंगी नाम हवं. यात ‘ई’चा ‘आ’ होतो, तेव्हा त्यांना शेवटच्या सुरावर तोंड अधिक उघडावं लागेल.

तसंच, मूळ गाण्यात नायिका ‘आप’ म्हणत असेल तर घाईने ‘तुम्ही’ करू नका. मराठीत ‘तुम्ही’ म्हटलं की जुन्या घरातली नवऱ्याशी बोलणारी बायको डोळ्यांसमोर येते, आणि हिंदीतली नवी, अदबीची ओळख नाहीशी होते. तिथे संबोधन टाळून वाक्य रचता येतं का, ते आधी बघा.

कार्यक्रम तिकीट लावून करणार असाल तर संयोजकांना एक विचारून ठेव. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीताचं भाषांतर करण्याचा हक्क हक्कधारकाकडे असतो आणि तो कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. घरच्या रियाजाची गोष्ट वेगळी. जाहीर कार्यक्रमात मराठी शब्द म्हणायचे तर परवानगीचं पत्र हवं, आणि ते यायला वेळ लागतो.

गाण्याचं नाव आणि ट्रॅक पाठव. मुखड्याचे लांब-आखूड सूर मी लिहून धाडते. अंतऱ्याचे तुम्ही तिथे टाळी देऊन काढा, कारण अंतऱ्यात गायिकेने घेतलेल्या हरकती ट्रॅकमध्ये नसतात आणि त्या धरायच्या की सोडायच्या, हे तुमच्या गळ्यांवर ठरेल.

काकांना नमस्कार.

तुझी भाची