बसू नका की बसून का?

शाळेच्या पायरीवर कुणीतरी पाटी रंगवली आहे आणि शब्दांत जागा सोडायची विसरला आहे असं समजा: 'इथेबसूनका'. आपण वाचतो 'इथे बसू नका'. पण 'इथे बसून का?' असंही वाचता येतं की! अक्षरं तीच, क्रम तोच. फक्त एक 'न' उजवीकडच्या शब्दातून उठून डावीकडच्या शब्दात जाऊन बसला.

आपल्याकडे हा गमतीचा विषय आहे. थाई भाषेत मात्र रोजचं लिखाणच असं असतं. वाक्य किंवा वाक्याचा तुकडा संपला की जागा सुटते, आकड्याच्या आजूबाजूला सुटते, पण दोन शब्दांच्या मध्ये नाही. थाई माणसाला त्याची काही अडचण होत नाही. अडचण होते ती माझ्यासारख्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामला.

तर झालं असं. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये वॉशिंग मशीनच्या ग्राहकांच्या थाई तक्रारी येतात. एक जुनं टूल आधी त्यांचे शब्द सुटे करतं, मग कोशावरून इंग्रजी करतं आणि त्यावरून तक्रारीला शिक्का मारतं. घरगुती मशीन लाँड्रीच्या धंद्याला वापरलं तर वॉरंटी मिळत नाही, म्हणून एक शिक्का 'अतिवापर' असा आहे. तो पडला की दावा बाजूला. एके दिवशी बँकॉकच्या टेस्टर बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमच्याकडे अतिवापराच्या ढिगात हे काय पडलंय? ही तर साधी घरगुती माणसं आहेत." त्यांनी पाठवलेली ओळ अशी होती:

```
ใช้มากว่า 3 ปี
```

उच्चार साधारण 'छाइ मा क्वा साम पी'. अर्थ, 'तीन वर्षांहून जास्त काळ वापरतोय'. म्हणजे बिचारा ग्राहक सांगतोय की मशीन इतकी वर्षं नीट चाललं आणि आता बिघडलं. आमच्या टूलने ते वाचलं 'छाइ माक वा': 'खूप वापरलं, की तीन वर्षं'. 'माक' म्हणजे खूप. लागला शिक्का! जितका जुना आणि निष्ठावान ग्राहक, तितका त्याचा दावा अडकण्याची शक्यता जास्त. असे डझनभर दावे निघाले आणि टूलच्या मते त्यात काहीच चुकलेलं नव्हतं.

आता ही गफलत होते कशी? मराठीत 'माक' आणि 'माक्वा' लिहिताना क पूर्ण की जोडलेला हे अक्षरावरूनच दिसतं. थाईत जोडाक्षरही नाही आणि हलन्ताची खूणही नाही. क हा सरळ क. तो आधीच्या शब्दाचा शेवट असू शकतो किंवा पुढच्याची सुरुवात. स्वराघाताची खूण काही मदत करील म्हणावं, तर ती 'क्वा' लिहा की 'वा', दोन्हीकडे व च्याच डोक्यावर बसते.

आमच्या टूलची पद्धत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सोपी होती. डावीकडून सुरू करा, कोशात सापडणारा सगळ्यात लांब शब्द उचला, उरलेल्यावर पुन्हा तेच:

```
while s:
    n = max((k for k in range(1, len(s)+1)
             if s[:k] in words), default=1)
    out.append(s[:n])
    s = s[n:]
```

'मा' दोन अक्षरांचा, 'माक' तीन अक्षरांचा. लांब जिंकला. मग उरलं 'वा', तोही शब्द आहेच ('की', 'म्हणणे'), त्यामुळे कुठे अडलं नाही. 'बसूनका'चंही हेच होईल बघा. 'बसू'पेक्षा 'बसून' लांब, उरला 'का', झालं.

मला वाटलं, यावर उपाय पुस्तकातच आहे. लांब शब्दाच्या मागे न लागता सगळ्या शक्य फोडी काढायच्या आणि कमीत कमी तुकडे होतील ती घ्यायची. थाई शब्दफोडीच्या लेखांत याचं एक नेहमीचं उदाहरण येतं:

```
ไปหามเหสี
ไป|หาม|เห|สี
ไป|หา|มเหสี
```

वरची फोड लांब शब्दाच्या पद्धतीची: 'जा, वाहून ने, वळ, रंग'. खालची बरोबर: 'राणीला भेटायला जा'. चार तुकड्यांपेक्षा तीन बरे, म्हणून ती निवडली जाते. (हा 'महेसी' म्हणजे आपली संस्कृतातली महिषी, पट्टराणी. त्याच शब्दाची आपल्याकडे म्हैस झाली. असो.)

मोठ्या उत्साहाने मी ती पद्धत बसवली. 'अतिवापर'चा ढीग होता तेवढाच राहिला! कारण आमच्या ओळीत 'मा|क्वा' हेही दोन तुकडे आणि 'माक|वा' हेही दोनच. बरोबरी. आणि बरोबरी झाली की माझा कोड आधी सापडलेली फोड घ्यायचा, म्हणजे तीच चुकीची. बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्ही तुकडे मोजत नाही, पुढे तीन वर्षं दिसतंय ना!"

तेच खरं. निर्णय त्या सहा खुणांच्या आत नाहीच, शेजारी आहे. म्हणून मग शेजार मोजायचा: हाताने तोडलेल्या मजकुरात कुठला शब्द कुठल्या शब्दानंतर किती वेळा येतो त्याची गणती. थायलंडच्या नेक्टेक या सरकारी संस्थेने २००९ साली शब्दफोडीच्या स्पर्धेसाठी असा साठा तयार करून दिला होता, तो याच कामासाठी. आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता. मी एक नियम घातला: 'माक|वा' नंतर आकडा आला तर 'मा|क्वा' करा. बाईंनी जुन्या तक्रारी चाळून होकार दिला, आम्ही अडकलेले दावे पुन्हा चालवले आणि ते सुटले.

नवी भाषांतर यंत्रं आधी शब्द तोडतच नाहीत. ती मजकुराचे शब्दाहून लहान तुकडे करून सगळं वाक्य एकदम बघतात, त्यामुळे अशा ओळीत बहुतेक वेळा चुकत नाहीत. पण शोध, शब्दांची मोजणी, शिक्के मारणारे नियम, अरुंद रकान्यात ओळ कुठे मोडायची हे ठरवणं, हे सगळं अजून फोडीवरच चालतं. आणि फोड चुकली हे निकालावरून कळत नाही. 'खूप वापरलं' हे अगदी शहाणं वाक्य आहे. म्हणून आम्ही आता प्रत्येक तक्रारीसोबत उभ्या रेषा घातलेली थाई ओळही ठेवतो. मला ती वाचता येत नाही, पण बाईंना एका नजरेत कळतं. नाव किंवा नवा शब्द कोशात नसला तर मात्र मलाही दिसतं. एकेका अक्षराचे सुटे तुकडे ओळीने पडलेले असतात, मटार सांडल्यासारखे.

गेल्या आठवड्यात अतिवापरात पुन्हा एक साधा माणूस सापडला. त्याने ३ हा आकडा लिहिलाच नव्हता, 'साम' असं अक्षरी लिहिलं होतं, आणि तेही मागच्या शब्दाला चिकटवून:

```
ใช้มากว่าสามปี
```

माझा नियम आकडा शोधत बसला. ते तिकीट अजून माझ्याच नावावर आहे.