झाकण ठेवू या



आमच्या महिला मंडळाचा दर आठवड्याचा बारा मिनिटांचा व्हिडिओ पाहून तीन-चार गावांच्या मंडळांनी विचारलं, की आम्हालाही असं काही सुरू करायचंय, ते बसवलं कसं? फोनवर प्रत्येकीला तेच सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहिते.

पहिला प्रश्न वाराचा. मंडळात सगळ्यांचा कल अष्टमी-चतुर्दशीकडे होता. ऐकायला छान वाटतं, पण हिशेब मांडून पाहा. अष्टमीनंतर चतुर्दशी सहा तिथींनी येते आणि चतुर्दशीनंतरची अष्टमी नऊ तिथींनी. म्हणजे कधी सोमवार, कधी शुक्रवार, आणि दोन भागांमधलं अंतरही सारखं नाही. पाहणारीला सवय लागणार कशी? आमच्या पिढीला बिनाका गीतमाला बुधवारी रात्री आठला असते हे कुणी सांगावं लागत नव्हतं. म्हणून आम्ही वार ठरवला शनिवार आणि वेळ दुपारी साडेतीन. जेवणाची आवराआवर, थोडी विश्रांती झालेली असते आणि सूर्यास्ताआधीच्या जेवणाची तयारी अजून सुरू व्हायची असते. रात्री आठची वेळ इतरांना सोयीची असेल, आपल्याकडे ती सीरियलची.

मग सुरुवात. आपल्या बायका व्हिडिओ पाहतात असं म्हणतात, पण खरं तर त्या ऐकतात. डोळे निवडण्यात असतात, कान फोनकडे. म्हणून ओळख आवाजाची हवी. आमची सुरुवात आहे तांब्याच्या कळशीवर बांधलेल्या गाळण्याच्या फडक्यातून पाणी पडण्याचा आवाज, सहा सेकंद. तो एकदाच, पंखा आणि फ्रिज बंद करून, दार लावून रेकॉर्ड केला आणि तीच फाइल प्रत्येक भागाला जोडतो. लगेच वाक्य येतं, ‘जय जिनेंद्र, पाणी गाळून झालं का?’ या वाक्यात कधी बदल नाही. दोन-तीन जणींना प्रत्येक वेळी नवी सुरुवात हवी होती, काहीतरी काव्यात्म. पण रोज बदलणारं दार आपलं घर म्हणून कोण ओळखेल? सहा सेकंदांच्या वरही जायचं नाही. पहिल्यांदा ऐकणारीला ती जास्तीची सेकंदं नुसती वाट पाहण्यात जातात.

त्यानंतर ‘तिथी-वार’, एक मिनिट. पुढच्या आठवड्यात अष्टमी-चतुर्दशी कधी आणि सूर्यास्त किती वाजता. इथे सांगलीची वेळ असं स्पष्ट म्हणावं लागतं, कारण मुंबईत सूर्य आपल्यापेक्षा काही मिनिटं उशिरा मावळतो आणि चौविहार करणारीला मिनिटाचाही फरक चालत नाही.

खरी गंमत पुढच्या दोन भागांत झाली. सुरुवातीला क्रम असा होता : पाच मिनिटं स्वयंपाक, मग चार मिनिटं जाऊबाईंचा स्वाध्याय, मग प्रश्न. यूट्यूबवर पाहणारे कुठल्या मिनिटाला किती उरले याचा एक आलेख मिळतो. मी कॉमर्सची असल्यामुळे मला तो रोजमेळासारखा वाटतो, खोटं बोलत नाही. सहा आठवड्यांचे सहा आलेख शेजारी ठेवले तर प्रत्येकात सहाव्या मिनिटाच्या पुढे रेघ कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली. पदार्थ ताटात आला की बायका निघून जात होत्या.

कुणी म्हणालं, स्वयंपाक शेवटी टाका. गीतमालेत पहिल्या नंबरचं गाणं शेवटीच असायचं आणि त्यासाठी लोक थांबायचे, हे खरं. पण तिथे मधलीही गाणीच होती. इथे स्वाध्याय म्हणजे पदार्थाआधीची प्रतीक्षा झाली असती.

उत्तर पाटवडीने दिलं. कांदा-लसूण न घालता पाटवडी करत होतो : एक वाटी बेसन दीड वाटी पाण्यात कालवलेलं, हिंग-जिऱ्याच्या फोडणीत हिरवी मिरची, घोटून गोळा झाला की झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटं वाफ. ही चार-पाच मिनिटं आम्ही नेहमी कापून टाकत होतो. जाऊबाई म्हणाल्या, ‘अगं, स्वाध्यायही चारच मिनिटांचा आहे की.’ तेव्हापासून स्वयंपाक दोन तुकड्यांत. तीन मिनिटांत पदार्थ झाकणाखाली जातो, ‘झाकण ठेवू या’ म्हणायचं, चार मिनिटं स्वाध्याय, आणि दोन मिनिटांत झाकण उघडून वड्या थापून दाखवायच्या. पाहणारीला माहीत असतं की झाकण उघडणार आहे, फक्त आत काय झालंय ते माहीत नसतं. ‘होम मिनिस्टर’मध्ये शेवटी पैठणी मिळणार हे ठाऊकच असायचं, कुणाला ते नाही, तसंच. आलेखातला कडा गेला, उतार राहिला.

याची किंमत अशी, की आता पदार्थ निवडताना त्यात झाकण आहे का हे आधी पाहावं लागतं. वाफ, मुरणं, कणीक मळून ठेवणं, काहीही चालेल. नुसतं परतून लगेच वाढायचं असेल तर तो पदार्थ कितीही चांगला असला तरी आमच्याकडे येत नाही.

मंडळातल्या एका आजींना मात्र हे पटलं नाही. ‘जिनवाणी काय वाफ येईपर्यंतचा वेळ काढायला आहे का?’ असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. दोन बैठका याच विषयावर झाल्या. शेवटी क्रम तोच ठेवला, पण स्वाध्यायाला कॅमेरा स्वयंपाकघरातून बाहेर नेला. हात धुऊन पाटावर बसायचं, मागे भांड्याचा आवाज नाही, आधी तीन सेकंद शांतता. त्या चार मिनिटांत पदार्थाचा उल्लेखही नाही. आजी अजून पूर्ण खूश नाहीत, पण आता विषय त्याच सुचवतात.

तो पाट पुढे फार उपयोगी पडला. जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन शनिवार त्या नव्हत्या. पाट तोच, सुरुवातीचं वाक्य तेच, बसणारी मात्र दुसरी. बायकांनी जाऊबाईंची चौकशी केली, पण शनिवार चुकवला नाही.

दोन भाग कायम हाताशी शिल्लक ठेवतो. त्यासाठी स्वयंपाक आणि स्वाध्याय यांत ‘आज थंडी आहे’ असलं काही बोलायचं नाही. तारखेला बांधलेलं फक्त ‘तिथी-वार’, ते त्याच आठवड्यात वेगळं रेकॉर्ड करून जोडायचं.

साचा मोडायचा तो वर्षातून एकदाच, दशलक्षण पर्वात. तेव्हा कुणाचा उपवास, कुणाचं एकासन, अशा वेळी फोडणीचा आवाज कशाला? दहा दिवस रोज पाच मिनिटं : पाण्याचा आवाज, उत्तम क्षमेपासून उत्तम ब्रह्मचर्यापर्यंत रोज एक धर्म, आणि समाप्ती. बाकी काही नाही.

शेवटच्या दीड मिनिटाचा प्रश्न आधी कुणाला महत्त्वाचा वाटत नव्हता. प्रश्न या शनिवारी, उत्तर पुढच्या शनिवारी, आणि बरोबर उत्तर देणाऱ्या पाच जणींची नावं वाचायची, माहेर-सासर दोन्ही गावांसकट. सासरचं गाव ऐकून सासू फोन करते, माहेरचं ऐकून भावजय. मागच्या आठवड्यात विचारलं होतं, की ओलं आलं चालत नाही पण सुंठ चालते ती का? उत्तरं इतकी आली आणि त्यांत इतके वाद, की या शनिवारी पाच नावं निवडायची कशी हेच अजून ठरलेलं नाही.